शेगडीसमोरची फरशी

फरशीवाले काका कुणाच्याही घरात शिरले की आधी थापीच्या दांड्याने जमीन वाजवून बघत. पोकळ फरशी त्यांच्या कानाला लगेच कळे. त्यांच्या स्वतःच्या शेगडीसमोरची फरशी मात्र कित्येक वर्षं डबडब वाजत होती आणि काकू सांगून सांगून थकल्या होत्या.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी त्यांनी सांधे खरवडून ती फरशी अलगद उचलली. खाली सिमेंटचे चार गोळे, बाकी सगळी हवा.

"कुठल्या गाढवाने बसवली ही?" काका कडाडले.

"तुम्हीच," काकू म्हणाल्या.

काका कामाला लागले. जुना थर तासला, धूळ पुसली. फरशी चिकटवायचा मसाला कालवून दातेरी थापीने सगळीकडे सारखा पसरला, फरशीच्या पाठीलाही लावला आणि रबरी हातोडीने ठोकत फरशी पातळीत आणली. मग सवयीने बोलून गेले, "उद्यापर्यंत इथे कुणी पाय ठेवायचा नाही."

"बरं," म्हणत काकूंनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या.

त्या दिवशी काकांनी बाजूला उभं राहून, हात लांब करून स्वयंपाक केला. भाजी करपली. दोघं हसत हसत जेवली. दुसऱ्या दिवशी काकांनी सांधे भरले.

आठवड्याभराने काकूंनी शेजारच्या फरशीवर टाच आपटली. "ही पण पोकळ वाटते हो मला."

काकांनी वाजवून पाहिली. दगडासारखा भरीव आवाज आला.

"पार पोकळ आहे. उद्यापर्यंत पाय ठेवू नकोस," ते गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.