मनगटावरची दोन बोटे

गर्भवतीला जुन्या वैद्यकाने ‘द्विहृदया’ म्हटले आहे. जिच्या ठायी दोन हृदये नांदतात ती द्विहृदया. आपल्या घरगुती ‘डोहाळे’ या शब्दाचे मूळही पुष्कळ जण तिथेच शोधतात. एका देहात दोन हृदये ही कल्पना कोणालाही मोहविणारी आहे; पण आपल्या कानी पडते आहे ते या दोहोंतले कोणाचे, हा प्रश्न ज्यांना रोज सोडवावा लागतो, त्यांना त्या शब्दाचे ओझे निराळे कळते. एका प्रसूतिगृहातील परिचारिकेने आपले उभे आयुष्य हा प्रश्न सोडविण्यात घालविले. दवाखान्यात तिला सगळे ‘ठोकेबाई’ म्हणत. प्रथम कोणीतरी चेष्टेने म्हटले असावे. पुढे ते नाव तिला दागिन्यासारखे शोभू लागले.

तिची खोली लांबट आणि अरुंद होती. भिंतीला पडदा लावलेली एक खिडकी, कोपरे चिकटपट्टीने सांधलेली तपासणीची खाट, शेजारी हात धुण्याचे भांडे. गर्भवतीच्या पोटाला लावायच्या गार मलमाची बाटली ती आधी कोमट पाण्यात धरून ठेवी. “गार हातानं आणि गार मलमानं कुणाचं स्वागत करतात का गं?” असे विचारी. ठोके ऐकण्याचे यंत्र छोटेसेच होते, साबणाच्या वडीएवढे, आणि त्याला तारेने जोडलेला एक डबा. पोटावर ते योग्य जागी टेकले की डब्यातून दौडत्या घोड्याच्या टापांसारखा नाद येई, आणि खाटेवरची बाई डोळे मिटून घेई किंवा रडू लागे. त्या नादाला रोज नव्याने दाद देणारा श्रोता म्हणजे ठोकेबाई.

यंत्र उजव्या हातात असताना तिच्या डाव्या हाताची दोन बोटे त्या बाईच्या मनगटावर असत. ही तिची अढळ रीत होती. ती तिला शिकविली होती प्रसूतिगृहाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी. नोकरीच्या आरंभीच एका घाबरलेल्या गर्भवतीचे पोट तपासून तिने अभिमानाने सांगितले होते, “एकशेपंधरा. अगदी उत्तम!” डॉक्टरबाईंनी त्या बाईचे मनगट धरले, घड्याळ पाहिले आणि म्हणाल्या, “हे हिचेच आहेत, बाळाचे नाहीत. पोटात आईच्याही मोठ्या रक्तवाहिन्या धडधडत असतात. यंत्राला नाती कळत नाहीत. ती आपण ओळखायची.” त्या दिवशी बाळाचे ठोके जरा शोधताच सापडले होते. तरी तेव्हापासून ती दोन बोटे मनगट सोडीनाशी झाली. यंत्रातले ठोके आणि मनगटातले ठोके निराळे आहेत, एवढी खात्री पटल्यावरच ती तोंड उघडी.

आणि तोंड उघडले की मग ऐकत राहावे. एकदा एक नवविवाहिता सोनोग्राफीचा अहवाल घेऊन रडतच आली. तिला सहावा आठवडा होता आणि बाळाचे ठोके मिनिटाला एकशेआठ. जावेचा नववा आठवडा, आणि तिच्या बाळाचे एकशेबहात्तर.

“माझंच बाळ अशक्त का हो, सिस्टर?”

“अगं, ते आत्ताशी चालायला शिकतंय. सहाव्या आठवड्यात शंभर-एकशेदहाच असतात. तिथून चढत जातात, नवव्या-दहाव्यात एकशेसत्तरच्या आसपास पोचतात आणि मग पुन्हा उतरतात. विसाव्याच्या सुमाराला एकशेचाळीस-पन्नास. पुढे दिवस भरेपर्यंत एकशेदहा ते एकशेसाठ यांच्या मधे कुठंही असले तरी चालतं. जावेशी बरोबरी करायची तर स्वयंपाकात कर.”

“आणि कमी झाले तर?”

“या दिवसांत शंभराच्या खाली गेले, तर डॉक्टर आठवड्यानं पुन्हा बघतात. एका आकड्यावरून कोणी निकाल देत नाही.”

सोबत आलेल्या सासूबाईंनी हळूच विचारले, “पण ठोके जलद असले की मुलगी असते म्हणतात ना?”

“आजी, जिना चढून आलात तेव्हा तुमचे एकशेवीस होते. मग तुम्ही कोण?”

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. रडणारी सूनही हसली.

अशी ही बाई. तिची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा सदतिसावा आठवडा चालू होता. रक्ताच्या माणसाला आपण तपासायचे नाही, असा त्या प्रसूतिगृहाचा अलिखित दंडक होता. ठोकेबाईने इतरांनाही तो अनेकदा ऐकविला होता. परंतु एके दिवशी दुपारच्या आधी जावई लेकीला घेऊन दारात उभा राहिला. डॉक्टरबाई शस्त्रक्रियागृहात होत्या आणि दुसरी सिस्टर प्रसूतीच्या खोलीत अडकली होती.

“आई, सकाळपासून बाळ हललंच नाही गं,” लेक म्हणाली. तिचे ओठ सुकले होते.

“झोपलं असेल. तूही अशीच होतीस, आळशी.” बोलता बोलताच ठोकेबाईने तिला खाटेवर निजविले. उजव्या हाताने यंत्र टेकले. डावा हात मात्र लेकीच्या कपाळावर गेला आणि केसांतून फिरत राहिला. कपाळ ऊन लागले. पण ऊन अंगावर घेऊनच ती आली होती. डब्यातून नाद उमटला, एका लयीत, न अडखळता. ठोकेबाईने मोजला. एकशेसव्वीस.

“ऐक! छान आहे. तू उगाच जीव टांगणीला लावलास.”

जावई भिंतीला टेकून मोठ्याने हसला. “मी हिला वाटेत सांगत होतो, बाळ आजोळावर गेलंय, आजीशिवाय कुणाशी बोलणार नाही.”

“बाहेर बाकावर बसा दोघं. डॉक्टर मोकळ्या झाल्या की एकदा नजर टाकतील, मग घरी जा.”

त्या तीन शब्दांनी, ‘ऐक, छान आहे’, तीन माणसे निश्चिंत झाली. ज्या शब्दांवर आजवर शेकडो बायका विसंबल्या, त्यांवर ती स्वतःही विसंबली.

थोड्या वेळाने ती पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. लेकीने बाकाच्या पाठीवर मान टाकली होती आणि तिच्या गळ्यापाशी नाडी उडत होती. ठोकेबाईचे लक्ष तिथे गेले आणि तिथेच खिळले. खोलीतल्या नादाची लय अजून तिच्या कानात होती. गळ्यापाशी उडत होती तीच लय.

पेला तिने जावयाच्या हातात दिला आणि लेकीचे मनगट धरले. घड्याळाचा काटा फिरला. एकशेसव्वीस.

“काय झालं, आई?”

“तुझं अंग कधीपासून तापलंय?”

“काल रात्री थोडं वाटलं होतं.”

“आणि पाणी? खालून काही जातंय का?”

लेक ओशाळली. “दोन दिवस थोडं थोडं. मला वाटलं, लघवीच सांभाळता येत नाही.”

दोन दिवस गर्भजल झिरपत होते आणि आता संसर्गाचा ताप चढला होता. मघाशी ऐकले ते ज्वराने धावणाऱ्या आईचे हृदय होते. बाळाचे तिने ऐकलेच नव्हते. ते आहे की नाही, हेही तिला ठाऊक नव्हते.

पुन्हा खाट, पुन्हा यंत्र. या वेळी बोटे मनगटावर. प्रथम लेकीचाच नाद आला. यंत्र सरकविले, पुन्हा तोच. हाताने पोट चाचपून तिने बाळाची पाठ शोधली आणि तिथे टेकले. खरखर. यंत्र तिरपे केले, थोडे खाली दाबले. मग दूर कोठूनतरी यावा तसा एक बारीक, घाईचा नाद आला. मनगटापेक्षा निराळा आणि कितीतरी जलद.

बाळ होते. पण एकशेऐंशी.

तिने हाताजवळची घंटा दाबली आणि प्रसूतीच्या खोलीतून दुसरी सिस्टर येताच यंत्र तिच्या हातात ठेवले. “तू ऐक. आज माझे कान माझे नाहीत.”

डॉक्टरबाई हातमोजे काढीतच आल्या. लेकीच्या पोटाला दोन पट्टे बांधले गेले. एक बाळाच्या ठोक्यांसाठी, एक कळांसाठी. कागदाची पट्टी सरकू लागली. सलाईन लावले, प्रतिजैविक सुरू झाले. डॉक्टरबाई कागद पाहत राहिल्या.

“निरोगी बाळाची रेघ थरथरती असते,” त्या जावयाला म्हणाल्या. “ते हललं की वर उसळी घेते. ही बघा, वरच अडकलीय, आणि सपाट. आईच्या तापानं बाळाचे ठोके वाढतात, तेवढंच असतं तर मी थांबले असते. पण हे पाहा, प्रत्येक कळ ओसरू लागली की ठोके खाली येतात आणि सावरायला उशीर लावतात. त्याला प्राणवायू कमी पडतोय. आता वाट पाहायची नाही.”

“मघाशी तर छान म्हणाला होतात ना?” जावयाने सासूकडे पाहिले. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

“मी म्हणाले होते,” ठोकेबाई म्हणाली. “चुकले होते.”

शस्त्रक्रियागृहात ती गेली नाही. बाहेरच्या बाकावर जावयाशेजारी बसली. दार लोटलेले होते. आतून भांड्यांचा आवाज येई, क्वचित एखादा शब्द. बाळाचे रडणे ऐकू येण्याची वेळ झाली आणि टळून गेली. जावयाने तिचा हात धरला. कितीतरी वेळाने एक क्षीण, चिडका स्वर आला, थांबला, पुन्हा आला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. “मुलगा आहे. मलूल होता, श्वास द्यावा लागला. आता स्वतः घेतोय. जंतुसंसर्ग आहे, काचेच्या पेटीत ठेवलाय. पुढचे काही दिवस कठीण आहेत.”

“माझ्यामुळे वेळ गेला.”

डॉक्टरबाईंनी सांत्वन केले नाही. “गेला. त्याची किंमत काय पडली, हे मला आज सांगता येणार नाही. कदाचित काहीच नाही.” मग म्हणाल्या, “पण दुसऱ्यांदा ऐकलं नसतंस, तर ती घरी गेली असती.”

संध्याकाळी लेक शुद्धीवर आली. तिने पहिला प्रश्न बाळाचा विचारला आणि दुसरा हा : “आई, तू आधी ऐकलंस ते काय होतं गं?”

“तुझं,” ठोकेबाई म्हणाली. “तुझं होतं ते. मी कपाळावर हात ठेवला होता. मनगटावर ठेवायला हवा होता.”

लेकीने डोळे मिटले. रागावली की थकली, हे आईला कळले नाही, आणि विचारण्याचे धैर्य झाले नाही.

पेटीपाशी जाण्याची परवानगी तिला मिळाली. कोपरापर्यंत हात धुऊन ती उभी राहिली. नातू निपचित पडून होता. नाकाशी नळी, छाती पक्ष्याच्या पिलासारखी वरखाली. तिथल्या सिस्टरने स्टेथोस्कोप पुढे केला. “ऐका ना, आजी. तुम्हीच मोजा.”

ठोकेबाईने तो कानाला लावला, टोक तळहातात धरून कोमट केले आणि पेटीच्या खिडकीतून हात घालून त्या इवल्या छातीवर टेकविले. मिनिटाला एकशेपन्नासच्या घरात काहीतरी धावत होते. तिच्या स्वतःच्या कानातही रक्त धावत होते.

तिने छातीवरचे टोक तसेच धरायला त्या सिस्टरला दिले, कानातले काढले नाही, आणि मोकळ्या झालेल्या हाताची दोन बोटे आपल्याच मनगटावर ठेवली. मग पहिल्यापासून मोजायला आरंभ केला.