तर्री बसली तो बाजारचा दिवस

१९९४, उन्हाळा. तिसगावचा बाजारवार. हजर : मी, नवरा, सासूबाई आणि जीप थांब्याजवळच्या पत्र्याच्या शेडमधलं आमचं मिसळीचं हॉटेल, वय एक दिवस.

जीपचा ड्रायव्हर जिथं खातो तिथंच त्याची सगळी गाडी उतरते. पहिल्याच दिवशी त्यानं तोंड फिरवलं, तर सगळी गिऱ्हाइकं समोरच्या जुन्या हॉटेलात जाणार होती.

सुकं खोबरं आणि कांदा मी काळपट होईस्तोवर भाजला, लसूण-आलं घालून वाटला. त्यातला निम्मा मसाला तेल सोडेपर्यंत परतला, पाणी घातलं, आणि वर तेलाचा लाल तवंग, म्हणजे तर्री, आली. मग चहाचं पाणी गरम होतंय का बघायला वळले, तेवढ्यात नवऱ्यानं उरलेलं सगळं वाटणही पातेल्यात लोटलं.

"माल दिसला पाहिजे की," तो म्हणाला.

रस्सा पिठल्यासारखा झाला. तो पातळ करायला त्यानं वर दोन तांबे माठातलं गार पाणी ओतलं. लाल तर्री दिसेनाशी झाली. वर उरला मातकट फेस.

"केलंस का वाटोळं, येड्या!" सासूबाई म्हणाल्या.

आणि नेमका तेव्हाच ड्रायव्हर येऊन बसला. पातेल्यात डोकावला. "वहिनी, ही आमटी हाय का रस्सा? लाल कुठं गेलं?"

"बसा, येतंय वर," मी म्हणाले. नवरा तेलाचा डबा घेऊन पातेल्यावर वाकला होता. "अहो, कच्चं तेल वर घालाल तर तोंडाला नुसता ओशटपणा राहील. ठेवा खाली."

उकळतं पाणी एकाच जागी होतं, चहाच्या पातेल्यात. ते सगळं रश्श्यात गेलं. चुलीत लाकडं सारली, झाकण काढलं, खळखळ उकळू दिलं. शेजारी कढईत तेल कडकडीत तापवलं, खाली उतरवून जरा निवू दिलं, नाही तर तिखट करपतं. पाणी वाढलं म्हणजे तिखट मरणार, म्हणून त्या तेलात नुसती रंगाची ब्याडगी मिरची घातली नाही, निम्मी जहाल लवंगी घातली. रश्श्यात मीठही वाढवलं. ते लाल तेल कडेकडेनं सोडलं आणि डाव अजिबात फिरवला नाही.

"हाटेल हाय का दवाखाना? किती बसायचं?" ड्रायव्हर म्हणाला.

"आजारी हाय रस्सा, उठतोय," सासूबाई म्हणाल्या.

उठला. खाली पातळ तपकिरी, वर बोटाच्या पेरापेक्षा कमी लाल थर. ड्रायव्हरनं पाव बुडवला, ठसका लागला, नाक पुसलं, वाटी पुढं केली. "आजून घाला. अन् चहा टाका."

"चहाचं पाणी रश्श्यात गेलं."

"मंग रस्साच द्या," म्हणून त्यानं बाहेर हाक मारली, "उतरा रे, हितंच खायचंय!" सगळी जीप आत आली.

त्याच दिवशी ठरलं, रश्श्याच्या पाण्यासाठी वेगळी चूल घालायची. विटा आणल्या, मागं रचूनही ठेवल्या. आजही त्यांच्यावर सासूबाई बसून कांदे निवडतात, आणि ड्रायव्हरला चहासाठी थांबावं लागतं. चूल घालायची राहिलीय.