निफाड–नाशिकरोडवरची लाल काट

राग गिळायची सवय मला नाही. त्यातून कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाच्या त्या असाइनमेंटचा राग तर मी अजून जपून ठेवलाय, आणि तो उतरावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

असाइनमेंट साधी होती. सहा नोडचा (म्हणजे सहा ठिकाणं रेघांनी जोडलेला) स्वतःचा ग्राफ काढा, त्यावर बीएफएस आणि डीएफएस या सगळे नोड फिरून यायच्या दोन पद्धती हाताने करून दाखवा, लॅब मॅन्युअलमधला प्रोग्रॅम त्याच ग्राफवर चालवून आउटपुट जोडा, शेवटी कॉम्प्लेक्सिटी लिहा. ‘स्वतःचा’ हा शब्द छापलेला होता, पण आमच्या कॉलेजात तो कुणी वाचत नाही. मॅन्युअलमध्ये नमुना म्हणून ए ते एफ अक्षरांचा एक ग्राफ आहे. वर एक नोड, खाली फांद्या. आमच्या आधीच्या सगळ्या बॅचेसनी तोच उतरवला, आमच्या वर्गानेही तोच. सर पान उलटायचे, सही करायचे.

मी निफाडची. रोज सकाळच्या गाडीने नाशिकरोडला उतरते, तिथून बस. म्हटलं, स्वतःचा म्हणतात तर स्वतःचा काढू. नाशिकची द्वारका मधोमध घेतली. द्वारकेपासून पंचवटी, सातपूर आणि नाशिकरोड अशा तीन रेघा. पंचवटीपासून निफाड, निफाडपासून नाशिकरोड, नाशिकरोडपासून एकलहरे. सहा ठिकाणं, सहा रेघा. जिथे निवड असेल तिथे पंचवटी, मग सातपूर, मग नाशिकरोड असा क्रम ठरवून टाकला.

बीएफएस म्हणजे रांग. द्वारकेला रांगेतून काढलं की तिचे तिन्ही शेजारी मागे उभे राहतात: पंचवटी, सातपूर, नाशिकरोड. पंचवटीला काढलं की निफाड मागे येतं. सातपूरला नवा शेजारी नाही. नाशिकरोडला काढलं की निफाड रांगेत आधीच आहे, म्हणून फक्त एकलहरे येतं. क्रम झाला द्वारका, पंचवटी, सातपूर, नाशिकरोड, निफाड, एकलहरे. जवळचे आधी, लांबचे नंतर. हे प्रोग्रॅमशी तंतोतंत जुळलं.

डीएफएसमध्ये हातातला रस्ता संपेपर्यंत सोडायचा नसतो. द्वारकेहून पंचवटी, तिथून निफाड, निफाडहून नाशिकरोड, तिथून एकलहरे. पुढे रस्ता नाही, म्हणून आल्या वाटेने मागे मागे थेट द्वारकेपर्यंत, आणि मग राहिलेलं सातपूर. मी तसंच लिहिलं. प्रोग्रॅमने मात्र छापलं: द्वारका, पंचवटी, निफाड, सातपूर, नाशिकरोड, एकलहरे.

निफाडहून सातपूर? नाशिकरोडची रेघ समोर पडलेली, तिथे अजून पाऊल टाकलेलं नाही, आणि हे महाशय ती सोडून द्वारकेला परत जाऊन सातपूर गाठतात! मी पुन्हा हाताने केलं. पुन्हा माझंच उत्तर आलं. मग कोड ओळ ओळ वाचला आणि हसू आलं. मॅन्युअल लिहिणाऱ्याने बीएफएसचाच कोड उचलला होता आणि रांगेच्या जागी स्टॅक टाकला होता, म्हणजे ताटांची चळत, शेवटी ठेवलेलं आधी निघतं ती. शेजारी उलट्या क्रमाने ठेवले होते, म्हणजे पहिला वर येईल, तेवढं ठीक. पण ‘जाऊन आलो’ ही खूण नोड चळतीत ठेवतानाच केली होती. रांगेत ते चालतं. चळतीत नाही. द्वारकेवर असतानाच नाशिकरोडवर खूण पडली, ते तळाशी जाऊन बसलं, आणि निफाडला पोचल्यावर प्रोग्रॅमला वाटलं की नाशिकरोड झालंच आहे.

मॅन्युअलचा ग्राफ म्हणजे नुसतं झाड. त्यात कुठल्याही नोडला दुसऱ्या वाटेने जाताच येत नाही. म्हणून इतकी वर्षं चुकीचा कोड बरोबर उत्तर देत होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

मी खूण करायची ओळ हलवली. नोड चळतीतून बाहेर काढताना खूण करायची, आधीच खूण असेल तर सोडून द्यायचं. आउटपुट माझ्या उत्तराशी जुळलं. खाली कॉम्प्लेक्सिटी लिहिली: प्रत्येक नोड एकदा, प्रत्येक रेघ दोन्ही टोकांकडून एकेकदा, म्हणून दोन्ही पद्धतींना नोड अधिक रेघा एवढं काम. मॅन्युअलचं आउटपुट, माझं आउटपुट आणि दुरुस्त कोड जोडून फाइल घेऊन सरांकडे गेले. सही नाही तर टर्मवर्क नाही, टर्मवर्क नाही तर ओरलला बसायचं नाही, आणि ओरल तोंडावर आलेली.

सरांनी पान पाहिलं. "हे मॅन्युअलशी जुळत नाही."

"सर, मॅन्युअलच्या कोडमध्ये चूक आहे. मी दाखवते."

"अख्ख्या वर्गाचं बरोबर आलंय. तुझंच कसं चुकलं?"

"वर्गाने झाड काढलंय, सर. त्यात ही चूक दिसतच नाही. इथे बघा ना, निफाडहून—"

"अगं, मॅन्युअल डिपार्टमेंटने मंजूर केलेलं आहे. त्यात हात घालायचा नाही."

मी पेन्सिलने चळत काढून दाखवायला लागले. सर बघत होते, खोटं कशाला बोलू. निफाडपाशी आल्यावर त्यांचा चेहरा जरा बदलला. त्यांना कळलं, हे मी शपथेवर सांगेन. आणि म्हणूनच पुढचं मला सहन होत नाही. त्यांनी लाल पेन उघडलं आणि निफाड ते नाशिकरोड या रेघेवर आडवी काट मारली.

"ही एज काढ. आता बघ, जुळतं की नाही?"

जुळत होतं! ती रेघ गेली की उरतं झाड, आणि झाडावर त्यांचा प्रोग्रॅम शहाणा. माझा क्रम खोडून त्यांनी वर प्रोग्रॅमचा क्रम लिहिला, माझ्या दुरुस्त कोडचं पान फाइलमधून काढून मला परत दिलं आणि सही ठोकली. कोडमधली एक ओळ हलवायची नाही म्हणून जगातला एक रस्ता बंद!

माझ्याच गावची मैत्रीण बाहेर उभी होती. तिला पान दाखवलं. ती म्हणाली, "अगं, मग आता आपण घरी जायचं कसं?" आणि खो खो हसत सुटली. मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "सही झाली ना? जाऊ दे. लय मनावर घेऊ नको."

मी घेतलं. ओरलला बाहेरच्या परीक्षकांनी ते पान उघडलंसुद्धा नाही, मला स्टॅक आणि क्यूमधला फरक विचारला आणि पाठवून दिलं. पास झाले. पण सही झाली त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना गाडीत मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. परवा त्याच लॅबमध्ये काम होतं, टेबलावर नवं छापलेलं मॅन्युअल पडलेलं. मी अधाशासारखं ते पान काढलं. कोड तोच. खूण तिथेच, चळतीत ठेवताना. फक्त असाइनमेंटच्या खाली ठळक अक्षरांत एक नवी सूचना आली होती: ग्राफमध्ये कुठलाही रस्ता फिरून परत त्याच नोडला येत असू नये.

सर मागे येऊन उभे राहिलेले मला कळलं नाही.

"वाचलंस?" ते कौतुकाने म्हणाले. "तुझ्यामुळेच घातली ती ओळ."