पाठमोरी नायिका

त्या काळी आमच्या कंपनीत मी नायिका होतो. महाराजांची कारकीर्द होती, कोल्हापुरात नाटकाला आणि कुस्तीला सारखीच गर्दी लोटायची, आणि बायकांची कामं आम्ही पुरुषच करायचो. माझे केस कमरेपर्यंत होते. टोप घालणाऱ्या नटांकडे मी जरा नाक मुरडूनच बघायचो. माझा खोपा माझ्याच केसांचा, त्यावर गजरा चढवून मी आत आलो की पुढं खाली बसलेली पिटातली माणसं गप्प व्हायची.

चाळिशी जवळ आली आणि केस पांढरे व्हायला लागले. कपाळाकडे थोडे, मानेकडे जास्त. कंपनीतला एक नट माझ्या सखीचं काम करायचा, तो गुपचूप माझ्या डोक्याला कलप लावून द्यायचा. आधी मेंदी, ती धुतली की वर वस्मा, म्हणजे निळीच्या वाळलेल्या पानांची पूड. मेंदीनं पांढरा केस तांबडा होतो आणि त्या तांबड्यावर वस्मा बसला की काळा. नुसता वस्मा पांढऱ्यावर नीट धरत नाही. हे सगळं तो गडी मागे बसून, गप्पा मारत करायचा. मला काही बघावं लागत नव्हतं.

मग त्याचा भाऊ वारला आणि तो शेती बघायला पन्हाळ्याकडे आपल्या गावी गेला. निरोप देताना मी रडलो. निम्मा त्याच्यासाठी, निम्मा माझ्या मानेसाठी.

दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती. कंपनीत सकाळी कुणाच्या दाढेत कळ आली की दुपारी ते बाजारात माहीत असायचं. तेव्हा मी बिऱ्हाडाच्या माझ्या खोलीला आतून कडी घातली आणि दाढीच्या आरशासमोर बसून एकट्यानं सुरू केलं. मेंदी ढीगभर थापली, ती बरी लागली. वस्मा कालवला आणि आधी कपाळ रंगवलं, मग भांग, मग कानशिलं. समोर दिसत होतं ते अगदी चित्रासारखं झालं. मागं दिसतच नव्हतं. तिथं मी हाताला येईल तसा लगदा वरून फासला आणि देवावर सोडून दिलं.

त्याच आठवड्यात खेळ होता. दुसऱ्या अंकात नायिका रुसते, नायकाकडे आणि लोकांकडे पाठ फिरवते आणि मान झुकवून उभी राहते. माझी ती हुकमी जागा होती. मी पाठ फिरवली, पदर जरा खाली घसरू दिला, मान झुकवली. किटसनचे दिवे असे भगभगत होते की डोक्यावरची उवदेखील दिसावी.

पिटातून एक पैलवानी आवाज आला, "आरं, बाईच्या टाळक्याला इंगळ लागलाय की!"

दुसरा म्हणाला, "व्हय रं! पाणी आणा कुणीतरी!"

खोप्याखालचे केस वर ओढलेले. खालच्या थरांना वस्मा पोचलाच नव्हता, तिथं नुसती मेंदी राहिली होती, भडक तांबडी. चट्टे चट्टे. मला त्या क्षणी काही कळेना. आमचा नायक नेसरीकडचा, मोठा हजरजबाबी. तो पुढं झाला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "प्रिये, तुझा राग मस्तकात गेला म्हणतात, तो हा असा दिसतो होय!"

नाटकगृह कोसळलं. ऑर्गनवाल्यानं भलताच सूर दाबला. मलाही हसू फुटलं आणि रुसलेल्या नायिकेचे खांदे गदगदा हलताना बघून लोकांना वाटलं, बाई रडतेय. तेव्हा ते आणखीच हसले.

खेळ संपल्यावर मालक रंगपटात आले. रागावायला आले होते, पण तोंड उघडलं की हसू यायचं. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "हे बघ, शनिवारी हाच खेळ हाय. दरबारची मंडळी येणार हायेत. न्हावी बोलवू का तुझ्यासाठी?"

"नको मालक. माझं मी करीन."

"तुझं तू केलंस तेच बघितलं की सगळ्या गावानं! न्हाय जमलं तर सांग, आईचं काम तुला देतो. आईचे पांढरे चालतात."

आईचं काम! त्यात एकच पद आणि दोन वेळा मूर्च्छा. मी म्हणालो, "रंगपटातला मोठा आरसा दोन दिवस माझ्या खोलीत पाठवा."

आरसा दोघांनी उचलून आणला, भिंतीला टेकवला. त्याच्याकडे पाठ करून मी पाटावर बसलो आणि दाढीचा आरसा हातात धरला. पाठीमागचं सगळं दिसलं, आणि लक्षात आलं की एक हात आरशात अडकला. एका हातानं केस धरायचे कसे आणि लावायचं कशानं? मग लहान आरसा खिडकीच्या गजाला दोरीनं टांगला, नजरेच्या उंचीवर. दोन्ही हात मोकळे झाले. पण सरळ टांगला तर माझंच थोबाड मध्ये यायचं, म्हणून तो जरा बाजूला, तिरपा करावा लागला.

तिथून गंमत सुरू झाली. मी कोरडी कुंकवाची काडी घेऊन सराव करायला बसलो. हात डोक्यापासून मागे घ्यावा तर आरशातला हात बाजूला पळायचा. बाजूला न्यावा तर भलतीकडेच. मी स्वतःच्या कानात काडी घातली. एकदा आरशातली बाई, म्हणजे मीच, मला पाठमोरी दिसली आणि "अगं, जरा सरक की" असं मी तिला म्हणालोसुद्धा. मग एकट्यानंच इतका हसलो की शेजारच्या खोलीतून नायकानं विचारलं, "बाई, आत कोण आलंय?"

पण हसता हसता एक गोष्ट दिसली. बाजू चकवतात, वर-खाली चकवत नाही. हात वर नेला की आरशातही वरच जातो. म्हणजे भांग पाडायचे ते आडवे, या कानाकडून त्या कानाकडे, आणि एकाखाली एक. आडवं सरकताना डोळ्यांचं ऐकायचंच नाही. काडीचं टोक एका कानामागे टेकवायचं, कातडीवरनं सरळ दुसऱ्या कानाकडे ओढायचं. बोटाला रस्ता माहीत असतो. आरसा फक्त नंतर बघायला, राहिलं काय ते.

गुरुवारी सकाळी मेंदी लावून धुतली. मग केस कोरडे करून चार भाग केले: कपाळापासून मानेपर्यंत मधोमध एक रेघ, आणि टाळूवरून कानापासून कानापर्यंत दुसरी. प्रत्येक भाग पिळून जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधला. चार शिंगांचा राक्षस दिसत होतो मी.

वस्मा कालवला तो केस बांधून झाल्यावर. पहिल्या वेळची खरी चूक तीच होती. वस्मा भिजवला की ताजाच लावायचा असतो, ठेवला की त्याचा जोर जातो आणि वर सुकून खपली धरते. मी कपाळापासून सुरुवात केली होती, मागे पोचेपर्यंत वाटीत नुसता चिखल उरला होता. आता ताजा वस्मा आधी मागच्या भागांना. तेही थोडा थोडा कालवून.

मागचं एक शिंग सोडलं. सगळ्यात खालचा, मानेलगतचा, बोटाएवढा पातळ थर मोकळा ठेवला आणि बाकीचा परत वर बांधला. मुळाशी वस्मा लावला, थर उलटा करून आतूनही लावला, टोकापर्यंत ओढला, चिमटीत दाबला. मग वरचा पुढचा थर खाली सोडला. पुन्हा तेच. असा टाळूपर्यंत चढलो. मग दुसरं शिंग. खांदे इतके भरून आले की मधे मधे दोन्ही हात लोंबते सोडून मी पाटावर मारुतीसारखा बसायचो आणि "जय बजरंग" म्हणून परत वर करायचो.

मागचं झाल्यावर आडव्या भांगांवर काडीनं उभे भांग पाडून आरशात बघितलं. आणि सापडला! दोन थरांच्या सांध्यात, उजव्या कानामागे, एक तांबडा पट्टा मला वाकुल्या दाखवत होता. त्याच्यावर मी असा तुटून पडलो की अर्धा वस्मा मानेवर सांडला. तो ओल्या फडक्यानं पुसला, मग पुढचं उरकलं, वस्मा सुकू नये म्हणून डोक्यावर केळीचं पान बांधलं आणि दुपार सरेपर्यंत तसाच भूमिका पाठ करत हिंडलो.

नुसत्या पाण्यानं धुतलं. आरशात बघितलं. काळ्यावर हिरवी झाक!

मालक दारात उभे होते. "आरं देवा. मैना मागितली, पोपट आला."

"मालक, वस्म्याला वारा लागल्यावर रंग चढतो. सखीचं काम करणारा लावायचा तेव्हाही असंच व्हायचं."

"व्हय?"

"व्हय," मी म्हणालो, आणि रात्रभर माझाच माझ्यावर विश्वास बसेना. पहाटे उठून खिडकीशी गेलो. काळेभोर. मान वळवून, पान उलटावं तसे थर उलटून बघितलं. मुळापासून टोकापर्यंत एकसारखे, आत-बाहेर. मी चौकात दोन गिरक्या घेतल्या. भांडी घासणाऱ्या बाईनं कपाळाला हात लावला.

शनिवारी दुसऱ्या अंकात मी पाठ फिरवली. पदर घसरू दिला, नेहमीपेक्षा चार बोटं जास्तच. खोपा उंच बांधला होता, मुद्दाम. मान झुकवली आणि वाट बघत राहिलो. पिटातून कुणीतरी हळूच म्हणालं, "आयला, काय केस हायेत!" नायक पुढचं वाक्यच विसरला. मी पाठमोऱ्यानंच त्याला कुजबुजून सांगितलं.

खेळानंतर सगळे तांबडा रस्सा ओरपायला बसले तेव्हा नायक माझ्या शेजारी सरकला. घाम आला होता तरी पगडी काढेना. कानाशी लागून म्हणाला, "पुढच्या नाटकात मला वनवास हाय. बोडक्यानं काम करायचंय."

"मग?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि पगडी मागून जरा उचलली. कपाळावर काळंभोर रान आणि मागे पांढरंशुभ्र हुपरीचं चांदीकाम! इतकी वर्षं हा पगडीखाली निम्माच रंगवत होता. माझ्या तोंडातला घास उडाला.

"हसू नकोस. मला एकट्यालाच करायचंय. तू दाराबाहेर बस आणि सांग."

सोमवारी मी त्याच्या खोलीबाहेर पायरीवर बसलो. आतून कधी वाटी पडल्याचा आवाज यायचा, कधी शिवी. त्याचे केस आखूड, बांधायला येत नव्हते, तेव्हा काडीनंच एकाखाली एक आडवे भांग पाडायचे ठरलं होतं.

"उजवीकडे नेतोय तर आरशात गडबडतंय!" आतून आवाज.

"आरशाचं ऐकू नकोस! कानापासून काडी ओढ!"

"कुठल्या कानापासून?"

"तुझ्या!"

"दोन्ही माझेच हायेत की!"

मी पायरीवर आडवा झालो. आवाज ऐकून ऑर्गनवाला आला, मग तबलजी, मग पडदे ओढणारा, मग मालक. कुणाला काही विचारावं लागलं नाही. सगळे दारासमोर बसले आणि आळीपाळीनं ओरडायला लागले, "वर! आणखी वर! आता उभा भांग!" मग कडी निघाली आणि आमचा धीरोदात्त नायक वस्म्यानं बरबटलेला, डोक्यावर केळीचं पान धरून बाहेर आला, सगळ्यांकडे बघितलं, आणि आमच्या मधोमध पायरीवर बसून आमच्यापेक्षा मोठ्यानं हसला.