उणे एकची बाजू

सानपाड्याच्या सुनयना मॅडमना लोक भांडखोर म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. वडील साताऱ्याहून मार्केटात हमालीला आले, तिथं माल तोलणाऱ्या तोलाऱ्यांशी हुज्जत घालतच म्हातारे झाले. हुज्जत लेकीनं उचलली, फक्त गणितात नेली. उदयसिंह सरांच्या अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये त्या शंका सोडवायच्या. मुलं अडलेल्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकणार, मॅडम कागदावर सोडवून उलट फोटो पाठवणार.

फोटो तरी कसले! कुणाचं बोट अर्ध्या गणितावर, कुणाच्या ट्यूबलाइटची चमक नेमकी चिन्हावर. म्हणून मॅडमचा एक हट्ट होता: चिन्ह दिसत नसेल तर अंदाज करायचा नाही, दुसरा फोटो मागवायचा.

त्या दिवशी मनस्वीचा फोटो आला. पोरगी खाडीकाठच्या गावातली, हुशार आणि हट्टी. क्लासच्या चाचणीत तिचं एक उत्तर चूक ठरलं होतं आणि तेवढ्यानं तिची निवडक मुलांच्या स्टार बॅचमधली जागा हुकली होती. फोटोत पहिला कंस चमकेत बुडालेला. मॅडमनी कळवलं, "खिडकीपाशी जाऊन पुन्हा काढ." दुसऱ्या फोटोत गणित लख्ख दिसलं:

log₂(3 − x) + log₂(1 − x) = 3

मॅडमनी दोन्ही लॉग एकत्र केले. (3 − x)(1 − x) = 8, म्हणजे x² − 4x − 5 = 0. उत्तरं दोन निघाली, 5 आणि −1. मनस्वीनं −1 लिहिलं होतं. सरांच्या उत्तरसूचीत होतं 5.

चूक कुठून आली हे मॅडमना लगेच कळलं. उदयसिंह सरांनी वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद लावला होता: 'ऋण उत्तर दिसलं की खोडा.' आधीच्या धड्यात ते चालून गेलं होतं. 4ˣ − 6·2ˣ − 16 = 0 मध्ये 2ˣ ला t धरलं की t = 8 किंवा −2; आता 2ˣ कधी ऋण होत नाही, म्हणून −2 खोडायचं, x = 3. पण तिथं खोडायचं ते t, x नव्हे! लॉगमध्येही x ऋण असला तर बिघडत नाही, कंसातली संख्या धन हवी. −1 घातलं की कंस होतात 4 आणि 2, लॉग 2 आणि 1, बेरीज 3. पाच घातलं की कंस −2 आणि −4. त्यांचा गुणाकार आठ येतो, पण ऋण संख्येला लॉगच नसतो. सरांनी खरं उत्तर खोडून खोटं ठेवलं होतं.

मॅडमनी हे सगळं ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपवर पालकही होते.

सरांचा फोन आला. "मॅडम, फोटो ब्लर असेल. तिथं x − 3 आणि x − 1 असणार."

"तसं असतं तर वर्गसमीकरण हेच आलं असतं आणि पाच बरोबर ठरलं असतं, सर. म्हणूनच दुसरा फोटो मागवला. छापलंय 3 − x."

"बरं, मनस्वीला घेऊ स्टार बॅचला. गुपचूप. तुम्ही मेसेज डिलीट करा. क्लासच्या नावाचा प्रश्न आहे."

पोरीची जागा तर मिळत होती. पण बाकी सगळे पाच घेऊन बोर्डाच्या परीक्षेला जातील, हे मॅडमच्या डोक्यातून जाईना.

"डिलीट करणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि वर्गात फळ्यावरही लिहिणार."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्यापासून ना? आज तर तास आहे."

त्या गेल्याच. फळ्यावर गणित लिहिलं आणि खडू मनस्वीच्या हातात दिला. पोरीनं −1 घालून दाखवलं, मग 5 घालायला सुरुवात केली, तेवढ्यात सर दारात आले. सर फळ्यापाशी आले, डस्टर उचललं. मॅडम हलल्या नाहीत. मनस्वीही हलली नाही.

"बाजूला हो," सर म्हणाले.

"पुसा ना सर," मनस्वी म्हणाली. "पन आदी सांगा, उणे दोनचा लॉग किती हाय? तेवढं लिवते, मग पुसा."

बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "सांगा ना सर." मग दुसऱ्यानं म्हटलं, मग सगळ्या वर्गानं.

शेवटी सरांनी डस्टर मॅडमच्या हातात ठेवलं. मॅडमनी सरळ जाऊन भिंतीवरचा 'खोडा'चा कागद फाडला.