दोनशे बावन्न चिंचोके

माझ्या आजीने मला चक्रवाढ व्याज शिकवलं आणि त्यात ती स्वतःच बुडाली. ही गोष्ट मी सांगू लागले की लोक आधी हसतात, मग म्हणतात, असं कुठं असतं का? अहो, असतं. त्या वर्षी आमच्या घरातल्या सगळ्यांचे दात आंबले होते, विचारा कोणालाही. पण आता विचारायला उरलं कोण म्हणा!

मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि माझं एकच दुःख होतं, शेण. देऊळगाव राजात आमच्या घरी दोन म्हशी आणि चार बैल. शाळेत जाण्याआधी रोज त्यांच्या शेणाच्या गोवऱ्या थापायच्या आणि त्या कोणी, तर मी. मोठा भाऊ नुसता शेणाच्या पाट्या आणून टाकायचा आणि शिट्टी वाजवत निघून जायचा. बालाजीच्या जत्रेला जालन्याची मावसबहीण आली, तिने नवं परकर-पोलकं घालून नाक मुरडलं. म्हणाली, "तुझ्या हाताला वास येतो, मला शिवू नको." जत्राभर ती पुढे आणि मी चार हात मागे. मी तिथेच ठरवलं, पुढच्या जत्रेला माझे हात धुतल्या तांदळासारखे राहतील. मग काय वाट्टेल ते होवो.

आजी म्हणजे वडिलांची आई. एका म्हशीचं तूप तिच्या मालकीचं होतं. ते विकून दर महिन्याला ती एक रुपया पोस्टात ठेवायची. पोस्टमास्तरांनी तिला बजावलं होतं, चार तारखेच्या आत पैसे आले तरच त्या महिन्याचं व्याज धरतात, नाहीतर तो महिना फुकट. आजीला तिथी सगळ्या पाठ, इंग्रजी तारीख मात्र एकही कळायची नाही. म्हणून शाळेच्या भिंतीवरची तारीख पाहून तिला सांगायची आणि तिच्यासोबत पोस्टात जायचं, हे काम माझ्याकडे होतं. ती अंगठा उठवायची, मी पुस्तकातला आकडा वाचून दाखवायचे.

एकदा मी विचारलं, "आजी, वर्षभर बारा रुपये ठेवले तर काय मिळते?"

"शेकडा तीननं पाह्यलं तर तीन आणे."

"तीन आणे! वर्षभर चालत जाऊन?"

"त्या तीन आण्यालेबी पुढच्या साली व्याज लागते, पोट्टे. व्याजाले व्याज. लेकराले लेकरू."

मला काही ते पटलं नाही. तीन आण्याला लेकरू होऊन होऊन किती होणार! आजीला राग आला. राग आला की ती पदर कमरेला खोचायची. तिने चिंचोक्यांची बरणी काढली आणि ओसरीवर बसून पेढीच उघडली.

"हे पाह्य. तारीख सांगितल्याबद्दल दर महिन्याले तुले चार चिंचोके. एक चिंचोका म्हणजे एक दिवस शेणापासून सुट्टी. त्या दिवशी तुह्या बदली मी थापीन. पाह्यजे तर लगेच खर्च कर. नाहीतर माह्या पेढीत ठेव, हा लोटा घे, मी तुले सवाईनं व्याज देते. पुऱ्या चारावर एक. महिना भरला की लगेच."

सवाई आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होती. पेरणीला एक पायली ज्वारी नेली, तर सुगीला सव्वा पायली परत. पण ती पिकावरची सवाई. पीक यायला महिनेच्या महिने लागतात. लेकरू एवढं कुठं थांबतं, म्हणून आजीने ती महिन्यावर आणून ठेवली. ही एवढीशी चूक तिने केली. आणि मी तरी काय, सुट्टी घ्यायची सोडून दात ओठ खात थापत राहिले आणि चिंचोके ठेवत गेले.

पहिल्या महिन्याला चाराचे पाच झाले. आजी म्हणाली, "दिसलं?" मी म्हटलं, "एकच तर वाढला." दुसऱ्या महिन्याला त्या पाचात नवे चार पडले, नऊ झाले. पुरे चार दोनदा, म्हणून दोन व्याज. अकरा. तिसऱ्याला पंधराचे अठरा. तेव्हा मात्र माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी ठेवले होते बाराच, वरचे सहा नुसते बसल्या जागी आले होते. आणि आता त्या सहांवरही व्याज मिळत होतं! सहा महिन्यांत मी चोवीस ठेवले आणि लोट्यात बावन्न निघाले. मी लोटा उशाशी घेऊन झोपू लागले.

आजी खूश. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पोट्टीले व्याज समजलं बाप्पा!"

मग बरणी आटली. व्याज महिन्याला चौदा, अठरा, चोवीस असं चढत गेलं आणि बरणीत खडखडाट. पेढीची लाज राखायला आजीने बाजारातून चिंच आणली, फोडली, बिया माझ्या लोट्यात टाकल्या. आता उरलेल्या चिंचेचं काय करायचं? सोमवारी चिंचेचं सार, मंगळवारी चिंचेची चटणी, बुधवारी वरणात चिंच. श्रावणात तर भाजी कोणती आहे तेच कळेनासं झालं. वडील एक दिवस ताट सरकवून म्हणाले, "माय, कोणाले डोहाळे लागले काय घरात?" आई लाजून आत पळाली. आजीने त्यांच्या भातावर आणखी सार ओतलं. त्या महिन्यात तिला एकोणचाळीस व्याज द्यायचं होतं.

वर्ष भरलं. मी लोटा ओसरीवर उपडा केला आणि मोजले. ठेवले होते अठ्ठेचाळीस, भरले दोनशे बावन्न.

जत्रा आली, मावसबहीण आली. मी सकाळी हात घासून घासून धुतले, परकर नेसला आणि पाच चिंचोके आजीच्या पुढ्यात ठेवले. पाच दिवस मी राणीसारखी हिंडले. मावसबहिणीने माझा हात धरून रेवड्या खाल्ल्या. आजी रोज मागच्या अंगणात बसून थापत होती. तिच्या गोवऱ्या माझ्यापेक्षा गोल यायच्या, याचाच काय तो मला राग आला.

सहाव्या दिवशी पाहुणे गेले. आजी म्हणाली, "चाल, झाली जत्रा. बस थापाले."

"काऊन? माह्याजवळ दोनशे सत्तेचाळीस आहेत."

"तेवढे काय एकदम खर्च करशीन? मुद्दल खाऊन घेतलं तर संपते, माय."

"मुद्दलाले हात कोण लावते?" मी शाळेची पाटीच पुढे धरली. रात्रभर केलेला हिशोब तिच्यावर होता. "दोनशे सत्तेचाळीसवर महिन्याचं व्याज एकसष्ट. महिन्याचे दिवस तीस. रोज सुट्टी घेतली तरी माझी शिल्लक वाढतच जाते! आजी, आता मी जन्मभर शेण थापत नाही."

आजीने पाटीकडे पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण पावकी, सवायकीचे पाढे सगळे तोंडपाठ. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. एकदा फिरला, दोनदा फिरला. मग ती खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बुडाली वं माय, बुडाली! तुह्या आजीची पेढी बुडाली!"

मला हसू येईना. मी ओरडले, "हसतेस काय? माझ्या सुट्ट्या दे! लबाड! तू शब्द दिला होता!"

ती हसायची थांबली. "हाव. शब्द दिला तो दिला. पिकाची सवाई महिन्यावर लावली, ते माह्यं चुकलं. तुह्यं नाही." आणि ती शेणाकडे जायला उठू लागली. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. अर्धी उठली, थांबली, दम घेतला, मग उरलेली उठली. पाच दिवस तिने हे असंच केलं असणार आणि मी जत्रेत रेवड्या खात होते. मला एकदम रडू फुटलं. रडू आलं म्हणून राग आला आणि राग आला म्हणून मी पाटी आपटून फोडली. त्याबद्दल आईने वेगळी धुलाई केली.

मग आम्ही तडजोड केली. व्याज बंद, नुसतं दोनशे सत्तेचाळीसचं मुद्दल फेडायचं. तेही हप्त्याने, दर रविवारी एक सुट्टी; चिंचोके सगळे आजीच्या बरणीत, एक फिटला की एक बाहेर. पावसाळ्यात गोवऱ्या थापत नाहीत, ते रविवार धरायचे नाहीत. आणि महिन्याच्या चार चिंचोक्यांऐवजी चार आणे, माझ्या नावाने, पोस्टात. नोव्हेंबरची चार तारीख उलटायच्या आत आजीने स्वतःचा एक रुपया घालून माझं पुस्तक काढून दिलं.

मार्चअखेर त्यात व्याज चढलं. पोस्टमास्तरांनी पुस्तक पुढे केलं. एक पैसा. दोनशे बावन्नाची मालकीण मी, आणि एक पैसा! मी तिथेच भोकाड पसरलं.

"रडू नको," आजी म्हणाली. "थोडं देते, पण ही पेढी बुडत नाही. हिले शेण थापावं लागत नाही."

तो पैसा मी काढला नाही. पुढच्या वर्षी त्याच्यासकट व्याज लागलं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. सातव्या वर्षी वैशाखात माझं लग्न ठरलं, तेव्हा पुस्तकात वीस-एकवीस रुपये आमचे भरलेले होते आणि वर दोनेक रुपये आपसूक आलेले.

आजीच्या बरणीत मात्र माझे सात चिंचोके फेडायचे राहिले होते.

लग्नाचा आठवडा. घर पाहुण्यांनी भरलेलं, दारात मांडव. आणि नवरीची आजी रोज सकाळी मागच्या अंगणात शेणात हात घालून बसलेली! आई डोक्याला हात लावून म्हणाली, "अवं आत्याबाई, लोक काय म्हणतीन?" आजी हटेना. आमच्याकडे म्हणतात, ज्याचं कर्ज बुडवाल, पुढच्या जन्मी त्याच्या घरचं ढोर व्हाल. आजी म्हणाली, "मले काही हिच्या सासरी म्हैस होऊन जायचं नाही."

हळदीच्या दिवशी सातवा चिंचोका फिटला. अंगाला हळद लावलेली मी मागच्या दारात उभी होते. आजीने शेणाचा हात धुतला आणि रिकामी बरणी माझ्यासमोर उपडी करून दाखवली.

"मुद्दल फिटलं," ती म्हणाली. "व्याज तेवढं माफ कर."

"नाही करत," मी म्हटलं. "व्याज राहू दे तुझ्याकडे."

तिने पदर तोंडात कोंबला. या खेपेला हसत होती की काय, ते मला कळलं नाही.

माझ्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती गेली. आता मी तिच्यापेक्षा म्हातारी आहे. आमच्या गोठ्यात म्हशीला रेडकू झालं, की मी अजून आधी जाऊन त्याचं तोंड नीट पाहून येते.