मागचं पुढे आण

रेवणसिद्ध,

वर ‘चि.’ लिहिलं होतं, ते खोडलं. कसा आहेस वगैरे विचारत नाही. तू बरा असणारच. मला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी फोनवर मी काय म्हणाले होते? ‘मागे नेऊ नकोस, मागचं पुढे आण.’ आधी मराठीत म्हणाले, तू गडबडलास म्हणून कानडीत म्हणाले. दोन्ही भाषा तुला घरातून आल्यात. मग यातला कुठला शब्द तुला कळला नाही?

एवढं लिहून चंद्रिकाबाईंनी कागद उपडा ठेवला आणि चहा टाकायला उठल्या. पत्र पुढे सरकेना. राग आला की त्यांचं अक्षर मोठं व्हायचं आणि अक्षर मोठं झालं की कागद पुरायचा नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेल आणि चादरींच्या एका कारखान्यात, चंद्रिकाबाई डिझाइन करायच्या. वय सहासष्ट. टेक्सटाइलचा डिप्लोमा त्या काळी केलेला, जेव्हा वर्गात मुलगी म्हणजे या एकट्याच. मालक गुरुशांतअण्णांपासून फाटकावरच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत आणि सगळेच थोडे टरकून असत. ‘हे फूल आहे की फ्लॉवर?’ असं त्या नव्या डिझाइनरच्या तोंडावर विचारत. निवृत्तीचा विषय काढला की म्हणत, ‘अण्णा, माझी खुर्ची हवी असेल तर सरळ मागा. पाठदुखीची चौकशी करू नका.’

त्यांचे वडील महादेवप्पा जुन्या गिरणीत ग्राफमास्तर होते. चादरीवर मोर काढायचा तर आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून तो मोर ‘लिहायचा’, ते त्यांचं काम. गिरणी बंद पडली, कागद उधईने खाल्ले, महादेवप्पा गेले. राहिल्या त्या लोकांच्या घरी वापरून मऊ झालेल्या चादरी. संक्रांत झाली आणि चंद्रिकाबाईंच्या डोक्यात आलं की बाबांचे काठ पुन्हा लिहून काढायचे. डॉक्टरांनी डावा डोळा अधू होत जाणार हे सांगून ठेवलं होतं, तेव्हा आत्ता नाही तर कधीच नाही. ओळखीपाळखीच्या घरांतून त्यांनी जुन्या चादरी मागून आणल्या. एक तर फरशी पुसायला काढलेली होती, ती बादलीतून उचलली. बाबांच्या पितळी भिंगाखाली धागे मोजायचे आणि संगणकावर चौकोन भरायचे. चादर परत करायची, दुसरी आणायची.

या कामात त्यांच्या शेजारी असायचा रेवणसिद्ध. कारखान्यातले सगळे संगणक त्याच्या हाती. तिशीचा, शांत, जेवणाच्या डब्यात कायम शेंगाची चटणी. बाईंनी त्याला काठ वाचायला शिकवलं, त्याने बाईंना सिंक शिकवलं.

‘अक्का, सोपं हाय बघा. तुमच्या संगणकावर जे, तेच ऑफिसातल्या त्या काळ्या डब्यात, सगळ्यांच्या फायली साठवतो त्यात. हितं फाइल वाढली की तितं वाढती. हितं पुसली की तितं पुसली.’

‘म्हणजे मी चूक केली की तुझा डबापण चूक करणार? शहाणाच आहे.’

‘म्हणून तर डबा रोज दुपारी नि रात्री स्वतःचा फोटो काढून ठेवतो. स्नॅपशॉट. आज कायबी बिघडू द्या, कालच्या फोटोत कालचं सगळं जसंच्या तसं.’

त्याच्याशीच बोलता बोलता बाईंनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी भावालाही सांगितली नव्हती. महादेवप्पांच्या प्रत्येक काठात, उजव्या कोपऱ्यात, एक चौकोन मुद्दाम चुकवलेला असायचा. बाळाच्या गालाला लावतात तशी तीट. देखण्या वस्तूला नजर लागू नये म्हणून.

‘मशीनवर गेल्यावर कुणी दुरुस्त केला तर?’ त्याने विचारलं.

‘करायचा नसतो. तीट पुसतात का कुणी?’

भिंगाची बिजागरी सैल झाली होती. रेवणसिद्ध म्हणाला, मधल्या मारुतीजवळ कल्लप्पा सोनार ओळखीचा आहे, डाग देऊन आणतो. बाईंनी भिंग दिलं. बाबांची वस्तू त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिली ती पहिल्यांदाच. काठ सगळे लिहून झाले होते, म्हणून दिली.

भाचीच्या, शिवलीलाच्या साखरपुड्याला त्या अक्कलकोटला गेल्या त्या दिवशी गोष्ट घडली. त्यांच्या संगणकाची डिस्क आठवडाभर टकटक आवाज करत होती. त्या नाहीत हे बघून रेवणसिद्धने ती काढून नवी बसवली. नव्या डिस्कवर त्याच नावाचा फोल्डर केला, रिकामा, आणि सिंक चालू केलं. सिंकने त्याला सांगितलं होतं तेच इमानाने केलं. इथे काही नाही, तेव्हा तिथेही काही नको. डब्यातला बाईंचा फोल्डर धुऊन पुसून स्वच्छ.

मांडवात फोन आला. ‘अक्का, घात झाला. एन माडली?’

काय करू म्हणणाऱ्या माणसावर ओरडून उपयोग नसतो, एवढं बाईंना कळत होतं. कानात बोट घालून त्या मांडवामागे गेल्या.

‘आधी सिंक बंद कर. केलंस? नाहीतर आणलेलं पुन्हा पुसेल. आता काल रात्रीचा फोटो आहे ना?’

‘हाय की.’

‘त्यात माझे काठ दिसतात?’

‘दिसतात.’

‘मग तो उघड आणि माझा फोल्डर तेवढा बाहेर कॉपी कर. डबा मागे नेऊ नकोस, मागचं पुढे आण.’ मग हेच कानडीत. पलीकडून ‘हूं, हूं’ आलं. बाई निश्चिंतपणे जेवायला बसल्या. गव्हाची गोड हुग्गी दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात फोल्डर उघडला, तर त्यात संक्रांतीच्या आधीचं सगळं होतं. काठ एकही नव्हता.

रेवणसिद्धचे डोळे लाल होते. ‘मला वाटलं, मागे ने म्हणालात. मी अख्खा डबाच मागे नेला.’

‘किती मागे?’

‘संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी लागली, त्याच्या आधीचा फोटो घेतला. म्हटलं, लांबचा असला की खात्रीचा.’

‘मग आता परवा रात्रीचा उघड!’

त्याने नाही म्हणून मान हलवली. बाईंनी स्वतः यादी उघडली. जत्रेआधीच्या फोटोनंतर थेट काल रात्रीचा, मागे नेल्यानंतरचा; मधला एकही नव्हता. त्यांच्याकडचा डबा असा होता की एखाद्या जुन्या फोटोवर अख्खा मागे नेला की त्यानंतरचे सगळे फोटो तो पुसून टाकतो. आपल्या मनाने नाही. आधी चौकट दाखवून विचारतो, हे हे जाईल, चालेल का? कुणीतरी ‘हो’ दाबावं लागतं. फोटोतलं काही बाहेर कॉपी करायला मात्र तो काही विचारत नाही, काही पुसत नाही.

बाकीच्यांचं काही गेलं नाही. त्यांचं नवं काम त्यांच्या त्यांच्या संगणकांवर होतंच, सिंक चालू झाल्यावर ते पुन्हा डब्यात आलं. संगणक रिकामा होता तो एकट्या बाईंचा. ‘जुनी डिस्क कुठे आहे?’ त्यांनी विचारलं. भंगारात गेली होती.

‘अक्का, मला मारा,’ म्हणून तो रडला. आणि चंद्रिकाबाईंनी, ज्यांनी कुणाचं रडणं कधी ऐकून घेतलं नव्हतं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ‘जाऊ दे. माणूस घाबरला की उलटं ऐकतो.’ त्याला चहा पाजला. अण्णा चिडले तेव्हा म्हणाल्या, ‘मीच फोनवर धड सांगितलं नाही.’ आयुष्यात हे खोटं त्या पहिल्यांदा बोलल्या असतील.

बाबांचं भिंग अजून सोनाराकडून आलं नव्हतं, दुसऱ्या भिंगाने पुन्हा लिहायला बसल्या, तर डावा डोळा साथ देईना. धागे एकमेकांत मिसळायचे. चार दिवस बसल्या आणि उठल्या. महिन्याभरात रेवणसिद्ध दुसऱ्या कारखान्यात लागला, पगार चांगला म्हणे. जाताना पाया पडला. बाईंनी त्याच्या आईसाठी चादर दिली.

उन्हाळ्यात त्या चाटी गल्लीत शिवलीलाच्या रुखवताच्या खरेदीला गेल्या. दुकानदाराने नवा माल पसरला. ‘हेरिटेज बॉर्डर हाय अक्का, एकदम नवीन डिझाइन. लई उठाव हाय याला.’

बाईंनी काठावर हात ठेवला. कोयरी, वेल, वेलीवरचा पोपट. हा पोपट त्यांनी बादलीतल्या चादरीवरून उचलला होता. त्यांनी चादर उजव्या कोपऱ्याकडे ओढली आणि उजेडात धरली. डोळ्याला दिसेना, म्हणून बोटाने चाचपलं. एक चौकोन चुकलेला होता.

‘डिफेक्ट वाटला का? दुसरी दाखवतो की,’ दुकानदार म्हणाला.

‘दाखवू नका,’ म्हणून त्या बाहेर आल्या आणि रस्त्यातच उन्हात उभं राहून फोन लावला.

‘रेवणसिद्ध, तुझ्याकडे माझे काठ होते.’

पलीकडे यंत्रांचा खडखडाट. मग दार लावल्याचा आवाज.

‘पेनड्राइव्हवर होते, अक्का. आधीच घेतले होते. इथल्या लोकांनी नमुना मागितला होता.’

‘म्हणजे डबा मागे नेलास तो घाबरून नाही.’

‘सिंक चुकून झालं. देवाशप्पथ, ते चुकूनच. मग... मग वाटलं, असंही गेलंच आहे.’

‘गेलं नव्हतं. आदल्या रात्रीच्या फोटोत होतं. तूच म्हणालास, दिसतात. ‘हो’ दाबलंस तेव्हा गेलं. आणि मग माझ्यासमोर रडलास?’

‘ते रडणं खरं होतं.’

‘असेल. माझा चहापण खरा होता.’ ये-जा करणारे वळून बघत होते. ‘आणि तो चौकोन का ठेवलास? तेवढा भरून टाकला असतास तर मला कळलंही नसतं.’

‘पुसायची नसते म्हणालात ना. मशीनवाला दुरुस्त करत होता, मीच नको म्हटलं.’

 चंद्रिकाबाईंना शिवी सुचली असती तर बरं झालं असतं.

‘अक्का, सगळ्या फायली परत देतो. तुमच्या समोर यायची हिंमत नाही माझी. कल्लप्पाकडे ठेवतो, भिंगाबरोबर. भिंग मी अजून आणलंच नाही त्याच्याकडून. तुम्ही येऊन घेऊन जा.’

त्यांनी फोन बंद केला.

हे पत्र त्या रात्री सुरू झालं ते ‘कळला नाही?’ याच्यापुढे गेलेलं नाही. लिहायचं होतं ते हे, की काठ चोरलेस ते एक वेळ सोडून दिलं असतं. पण माझंच बोलणं उलटं करून मलाच ऐकवलंस, आणि मी त्यावर विश्वास ठेवून अण्णांसमोर दोष स्वतःवर घेतला. त्यानंतर मी बाबांच्या काठांसाठी नाही रडले, तुझी नोकरी जाईल म्हणून रडले. पण असलं काही लिहायला अक्षर लहान लागतं.

कल्लप्पाचा फोन आला होता. ‘अक्का, भिंग तयार हाय. त्याच्याजवळ एक पाकीटबी ठेवलंय त्या रेवणसिद्धनं. कधी येताय?’

‘येते की,’ बाई म्हणाल्या. ‘जरा ऊन उतरू दे.’

ऊन उतरलं, श्रावण गेला, शिवलीलाचं लग्न झालं. चादर घेतली ती साधी, बिनकाठाची. मधला मारुती त्यांच्या घरापासून रिक्षाने पाच मिनिटांवर. तिकडून जाताना त्या रिक्षावाल्याला अजूनही सांगतात, इकडून नको, पुढच्या गल्लीने घे.